नव्या हॉटेलची पहिली पोस्ट: चित्रावर काय, कॅप्शनमध्ये काय

*मी आणि माझी जाऊ मिळून डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडजवळच्या एका गल्लीत मालवणी जेवणाचं छोटं हॉटेल काढतोय. बसायला 22 जागा. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार म्हणून 27 नोव्हेंबर 2025 ला उद्घाटन ठेवलंय. पुतण्याने इन्स्टाग्रामसाठी 10 स्लाइडची पोस्ट बनवलीय. पहिल्या स्लाइडवर लोगो आणि 'ग्रँड ओपनिंग', मग 38 पदार्थांचं पूर्ण मेनूकार्ड, शेवटी 'पहिला आठवडा 50% सूट'. वेळ कुठेच नाही, ती 'बायोत टाकू' म्हणतो. मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. आमची बांगडा थाळी 240 रुपयांना आहे, तिला सामानाचा खर्च साधारण 95 रुपये येतो. पोस्ट कशी असावी आणि सवलत किती द्यावी?*

*— एक वाचक, डोंबिवली*

ताई, पोस्टच्या आधी तारखेचं बोलू, कारण पोस्टचा पुढचा सगळा मजकूर तिच्यावरच ठरणार आहे. गुरुवारी पूजा जरूर करा. कलश मांडा, घरच्यांना आणि शेजारच्या दुकानदारांना बोलवा, प्रसाद द्या. विक्री मात्र शुक्रवारी, 28 तारखेला सुरू करा. तुमचं खास जेवण मासळीचं आहे, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी ज्या घरांत मासळी शिजत नाही तीच घरं एरवी तुमची गिऱ्हाइकं असणार. शुक्रवारी सुरुवात केलीत की लगेच मासळीचा वार, त्यामागे शनिवार आणि मग रविवार मिळतो. सोमवारी, 1 डिसेंबरला मोक्षदा एकादशी आहे, तेव्हा आठवड्याची सुट्टी सोमवारची ठेवलीत तर चांगलंच जुळेल. बुधवार पुन्हा मासळीचा. आणि गुरुवार 4 डिसेंबरला दत्तजयंती, त्या दिवशी तुमच्याकडे शाकाहारी थाळीच जास्त जाईल. म्हणजे पहिल्या सहा दिवसांच्या धंद्यात एक दिवस पूर्ण शाकाहारी तयारीचा आहे. पुतण्याच्या 10 स्लाइडमध्ये त्या दिवसासाठी वेगळी जागा दिसत नाही.

आता पोस्ट. तुम्हाला जे खटकतंय ते बहुधा हे आहे: जे बदलणार आहे ते चित्रावर आलंय, आणि जे कायम राहणार आहे ते चित्रावर नाही. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यावर कॅप्शन कधीही बदलता येतं. चित्र बदलता येत नाही. फार तर अनेक स्लाइडमधली एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण तिच्या जागी दुरुस्त केलेली बसवता येत नाही. शिवाय डोंबिवलीत ही पोस्ट इन्स्टाग्रामपुरती राहणार नाही. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकेल. तिथे कॅप्शन जात नाही, बायो जात नाही, आधीची-पुढची स्लाइडही जात नाही. ज्या बाईला रविवारी स्वयंपाकाचा कंटाळा आलाय तिच्यापर्यंत तुमचं एकच चित्र पोचणार, आणि त्यावरून तिला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: काय मिळतं, कुठे मिळतं, आत्ता उघडं आहे का. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एक बारीक पट्टी ठेवा: हॉटेलचं नाव, 'डोंबिवली पूर्व' आणि फोन नंबर. हा नंबर घरचा नको, हॉटेलचा वेगळा घ्या. एकदा फिरायला लागला की वर्षानुवर्षं फिरतो, आणि रात्री 11 वाजता 'पार्सल मिळेल का' विचारणारे फोन घरच्या मोबाइलवर येतात.

स्लाइड दहाच्या सहा करा. इन्स्टाग्राम आता वीसपर्यंत जाऊ देतं, पण मेनूकार्डचं चित्र फोनवर बोटांनी मोठं करून कोणी वाचत नाही. 38 पदार्थ वाचून माणूस ठरवत नाही, एक ताट बघून ठरवतो. दुसरं म्हणजे, पहिल्या आठवड्यात तुमच्या दोघींच्या हाताखाली नवीन माणसं असणार. 38 पदार्थ जाहीर केलेत आणि त्यातले बारा 'आज नाही' निघाले, तर बाहेर पडणारा माणूस तेवढंच सांगत फिरतो. तेव्हा पोस्टवर तीन जेवणं दाखवा आणि ती तिन्ही दुपारी उघडल्यापासून रात्री शेवटच्या ऑर्डरपर्यंत नक्की मिळतील याची काळजी घ्या. बाकीचं मेनूकार्ड टेबलावर असतंच.

पहिल्या स्लाइडवरून लोगो काढा. तुमचं नाव अजून कुणाला माहीत नाही, त्यामुळे ते मोठ्या अक्षरांत बघून कुणाचा अंगठा थांबणार नाही. 'ग्रँड ओपनिंग' तर मोबाइलच्या दुकानापासून जिमपर्यंत सगळेच लिहितात. तिथे चुरचुरीत तळलेल्या बांगड्याचा जवळून घेतलेला फोटो टाका आणि वर दोनच ओळी:

मालवणी जेवण, डोंबिवली पूर्व
शुक्रवार 28 नोव्हेंबरपासून

दुसरी स्लाइड पहिलीइतकीच जपून करा. पहिली स्लाइड पाहून कुणी पुढे सरकवली नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट थोड्या वेळाने त्याच माणसाला पुन्हा दाखवतं आणि अनेकदा तेव्हा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तिथे पूर्ण थाळी हवी, किमतीसकट. वाटीत काय आहे ते लिहा, कारण मूळचा सांगलीचा किंवा जळगावचा शेजारी नुसत्या फोटोवरून ओळखू शकणार नाही:

बांगडा थाळी, 240 रुपये
तळलेला बांगडा, बांगड्याचं कालवण, दोन तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी

सुरमई आणि पापलेटच्या किमती चित्रावर घालायचा मोह आवरा. बांगड्याचा भाव त्यातल्या त्यात आवाक्यात असतो. दोन-चार रुपये इकडेतिकडे झाले तरी 240 निभवता येतात. सुरमईचा भाव मात्र बाजारात आवक कमी झाली की एका दिवसात चढतो. आज 380 छापलेत आणि रविवारी सकाळी तुम्हाला तुकडाच महाग पडला, तर एकतर तोट्यात वाढाल नाहीतर तुकडा बारीक कापाल, आणि बारीक तुकडा गिऱ्हाईक लगेच ओळखतं. तसंच 'भाव विचारा' असंही लिहू नका. ते वाचून माणूस महाग असणार असं धरून चालतो आणि विचारतच नाही. त्याच स्लाइडवर खाली एवढंच लिहा: 'सुरमई, पापलेट आजच्या भावाने. भाव रोज सकाळी 11 वाजता स्टेटसवर आणि दारातल्या फळ्यावर.' मग रोज 11 वाजता तो भाव खरंच टाका, अगदी घाईच्या रविवारीसुद्धा.

तिसरी स्लाइड कोंबडी-वड्यांची. इथे एक शब्द सांभाळा. कोंबडी गावठी असेल तरच 'गावठी' लिहा. ब्रॉयलर असेल तर 'मालवणी मसाल्यातली कोंबडी' हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. वडे किती देणार तो आकडा लिहा, आणि फोटोतही तेवढेच ठेवा. फोटोसाठी ताटात सात वडे रचले आणि टेबलावर चार आले, की वाद तिथेच सुरू होतो.

चौथ्या स्लाइडवर मी सर्वात जास्त वेळ घालवेन. ही तुमची गुरुवारची स्लाइड. मालवणी म्हणजे फक्त मासे असं बाहेरच्यांना वाटतं, आणि एका टेबलावर पाच जण जेवायला येतात तेव्हा त्यात एक तरी न खाणारा असतो. त्या एकासाठी काही नसेल तर पाचही जण दुसरीकडे जातात. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी हे जेवण असं आहे की मासे खाणाराही ते आवडीने मागवतो. तोच फोटो घ्या. सोबत शाकाहारी थाळीत काय असेल ते लिहा: काळ्या वाटाण्याचं सांबार, एक भाजी, आंबोळी, भात, सोलकढी. आता महत्त्वाचं. मार्गशीर्षात जो माणूस तुमच्याकडे शाकाहारी जेवायला येईल तो आधी एकच प्रश्न विचारणार: तवा वेगळा आहे का? तुमच्याकडे शाकाहारीसाठी वेगळा तवा, वेगळं तेल आणि वाढायची वेगळी भांडी असतील तर ते चित्रावर ठळक लिहा. त्या एका ओळीने गुरुवारी टेबलं भरतील. पण नसतील तर लिहू नका, आणि कुणी विचारलं तर सरळ 'एकाच स्वयंपाकघरात होतं' असं सांगा. या बाबतीत एकदा विश्वास गेला की तो माणूस सोसायटीतल्या इतर घरांनाही घेऊन जातो. अजून आठवडा हातात आहे. मला विचाराल तर एक वेगळा बिडाचा तवा आणि दोन कढया आत्ताच घ्या.

फोटोंसाठी फोटोग्राफर हवाच असं नाही. सकाळी साडेदहा-अकराला खिडकीजवळ किंवा दाराशी, उन्हाच्या थेट झोतात नाही अशा जागी टेबल ओढा आणि आतला दिवा बंद करा. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की कालवणाचा लाल-केशरी रंग मळकट दिसतो. सोलकढी स्टीलच्या वाटीत ठेवलीत तर तिचा फिकट गुलाबी रंग चकाकीत हरवतो, फोटोपुरती साध्या काचेच्या पेल्यात ठेवा. मग टेबलावरही काचेचा पेलाच द्या, म्हणजे फोटो आणि ताट जुळेल. स्टीलच्या ताटावर वरून फोटो काढला की तुमच्याच हाताची सावली आणि फोनचं प्रतिबिंब येतं, म्हणून थोडं तिरकं, जेवायला बसलेल्या माणसाला दिसतं तसं घ्या. वडे तेलातून काढल्यावर थोड्याच वेळात बसतात, तेव्हा बाकीचं ताट आधी मांडून घ्या, फोन तयार ठेवा आणि वडे सर्वांत शेवटी आणा. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो एकही नको.

पुतण्याला एवढं सांगा: सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या, 1080 बाय 1350 पिक्सेल. पहिली स्लाइड ज्या मापाची असेल त्याच मापात पुढच्या कापल्या जातात आणि मग नेमकी किंमत कडेला जाते. प्रोफाइलच्या पानावर पोस्ट आता थोडी अधिक उभट दिसते, त्यात दोन्ही बाजूंच्या कडा जराशा कापल्या जातात, म्हणून मजकूर कडेपासून 70-80 पिक्सेल आत ठेवा. अक्षरासाठी मुक्त किंवा बलू हे देवनागरी फॉन्ट वापरा. दोन्ही एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेले आहेत, फुकट मिळतात आणि त्यांत जोडाक्षरं नीट येतात. पूर्ण झालेलं चित्र आईच्या, सासूबाईंच्या फोनवर उघडून बघा. त्यांना चष्मा न शोधता किंमत आणि वेळ वाचता आली तर अक्षराचा आकार बरोबर आहे.

आता सवलत. तुम्ही दिलेल्या आकड्यांनीच मोजू. 240 रुपयांच्या थाळीतून सामानाचे 95 गेले की 145 उरतात. त्यातून गॅस, वीज, पगार, भाडं जायचंय. निम्म्या किमतीत 120 येतात आणि सामान वजा जाता 25 उरतात. त्यात माणसांचे पगारही निघणार नाहीत. 22 जागा, गर्दीच्या वेळी दोन फेऱ्या, म्हणजे दुपारी साधारण 40 आणि रात्री 40 थाळ्या जातील असं धरू. दिवसाला 80 थाळ्यांवर प्रत्येकी 120 रुपये सोडले की 9,600 रुपये होतात. सोमवार वगळून सहा दिवसांचे 57,600.

पैसे एकवेळ सोसवतील. पण 50 टक्क्यांची खरी अडचण स्वयंपाकघरात आहे. पोस्ट बघून शनिवारी रात्री साठ जण दारात उभे राहिले तर तुमच्याकडे त्यांना बसवायला जागा नाही आणि वाढायला हात नाहीत. तुमचा भाकरी करणारा हात अजून लयीत आलेला नाही, वाढप्याला टेबलांचे नंबर पाठ नाहीत. त्या गर्दीत पहिला घास थंड बांगड्याचा मिळाला, तर तो फुकट दिला असता तरी माणूस परत येणार नाही. आणि ज्यांना ते जेवण आवडेल त्यांच्या डोक्यात तुमच्या थाळीची किंमत 120 रुपये बसते. आठव्या दिवशी 240 चं बिल त्यांना भाववाढ वाटतं.

म्हणून किंमतीला हात लावू नका, ताटात एक जिन्नस वाढवा. माझी सूचना आहे खापरोळीची. पहिल्या आठवड्यात प्रत्येक थाळीसोबत एक खापरोळी, गूळ घातलेल्या वाटीभर नारळाच्या रसात बुडवलेली. एका खापरोळीचा खर्च मी 15 रुपये धरतेय. यंदा नारळ महाग आहे, तेव्हा तुमच्या भावाने एकदा मोजून बघा. 80 थाळ्यांना 1,200 रुपये, सहा दिवसांचे 7,200. म्हणजे 50 टक्क्यांच्या सवलतीच्या आठव्या हिश्श्यात काम होतं. सोलकढी मी मुद्दाम सुचवत नाही, कारण ती थाळीत आहेच, आणि गिऱ्हाइकाला आधीच मिळणारी गोष्ट भेट म्हणून दिली की ते ओळखतं. खापरोळी बऱ्याच जणांनी आधी खाल्लेली नसेल. ज्यांच्या घरी होते त्यांना ती डोंबिवलीत हॉटेलात बघून आजोळ आठवेल. आणि पुढच्या आठवड्यापासून तीच मेनूकार्डवर 60 रुपयांना ठेवलीत, तर चव आधीच लागलेली असेल. कोकणातली घरं गोडात काय करतात हेही त्या एका वाटीतून कळतं.

तिची तयारी मात्र नीट आखा. तांदूळ, उडीद आणि थोडी मेथी आदल्या दिवशी भिजवून रात्री वाटायची. नोव्हेंबरअखेर रात्री गार पडतं, पीठ उन्हाळ्यासारखं चढत नाही, तेव्हा भांडं शेगडीजवळ किंवा गुंडाळून उबेत ठेवा. सकाळी पीठ हलकं झालं नसेल तर खापरोळीला जाळी पडत नाही, ती रस पीत नाही आणि वाटीत रबरासारखी राहते. शुक्रवारच्या आधी दोन-तीन रात्री हे करून बघा. नारळाचा रस सकाळचा रात्रीपर्यंत ठेवू नका, तो आंबतो. दुपारसाठी एकदा आणि संध्याकाळी पाच वाजता पुन्हा काढा. गूळ रसात घालताना रस गरम नको, नाहीतर फुटतो. कधी अंदाज चुकला आणि खापरोळ्या संपल्या तर काय द्यायचं हे आधी ठरवून ठेवा. सोलकढीचा आणखी एक पेला चालेल, पण वाढप्याने तो स्वतःहून, गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आणून द्यायला हवा.

पाचव्या स्लाइडवर हे असं लिहा:

पहिला आठवडा, आमच्याकडून गोड
शुक्रवार 28 नोव्हेंबर ते गुरुवार 4 डिसेंबर 2025
प्रत्येक थाळीसोबत एक खापरोळी
बसून जेवणाऱ्यांसाठी, सोमवारी हॉटेल बंद

तारखा वारासकट आणि वर्षासकट. 'पहिला आठवडा' एवढंच लिहिलंत तर हेच चित्र जानेवारीत कुणाच्या तरी ग्रुपवर पुन्हा फिरेल आणि चार जण ते दाखवून खापरोळी मागतील. 'अटी लागू' लिहू नका. जी अट आहे ती सरळ सांगा. पार्सलवर भेट देऊ नका, कारण रसातली खापरोळी डब्यात अर्ध्या तासात लगदा होते. 'पहिल्या 50 ग्राहकांना' असंही नको. एक्कावन्नाव्या माणसासमोर वाढप्याला उभं राहावं लागतं, तुम्हाला नाही.

सहावी आणि शेवटची स्लाइड वेळेची. ती बायोत टाकून भागत नाही, ताई. हीच स्लाइड लोक जपून ठेवतात. तुमच्यासाठी मी अशी मांडेन:

दुपारी 12 ते 3.30, शेवटची ऑर्डर 3 वाजता
रात्री 7 ते 10.30, शेवटची ऑर्डर 10 वाजता
सोमवारी बंद

बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या ऑर्डरची वेळ वेगळी लिहिणं डोंबिवलीत विशेष गरजेचं आहे. ऑफिसातून निघून गर्दीच्या लोकलने येणारा माणूस स्टेशनवर उतरतो तेव्हा बऱ्याचदा साडेनऊ झालेले असतात. त्याला 10.30 हा आकडा दिसला आणि तो 10.20 ला पोचला, तर 'स्वयंपाकघर बंद झालं' हे ऐकून तो कायमचा दुखावतो. 10 वाजता शेवटची ऑर्डर हे आधीच कळलं तर तो गाडीतूनच फोन करेल. दुपार आणि रात्र यांच्यामधली साडेतीन तासांची सुट्टीही स्पष्ट दिसू द्या. '12 ते 10.30' असं मोघम लिहून चार वाजता शटर अर्धं खाली दिसलं की लोकांना वाटतं हॉटेल चालत नाहीये.

पत्ता पोस्टमनसारखा नको. मानपाडा रोडवरून गल्लीत कुठे वळायचं, कोपऱ्यावर कोणतं दुकान किंवा कोणती शाळा आहे, स्टेशनपासून चालत किती मिनिटं लागतात, दुचाकी कुठे लावायची, एवढं लिहा. चालत किती मिनिटं लागतात ते स्वतः चालून बघा, संध्याकाळच्या गर्दीत. आणि हीच वेळ, हाच सोमवार, शब्दशः गूगलच्या नकाशावर आणि दारावरच्या पाटीवर असला पाहिजे. तीन ठिकाणी तीन वेगळ्या वेळा दिसल्या की लोक गूगलचीच खरी धरतात. गूगलची नोंद आजच सुरू करा. दुकान तुमचंच आहे याची पडताळणी होईपर्यंत कधी कधी बरेच दिवस जातात, त्यात दुकानाचा व्हिडिओही मागतात. तिथे उघडण्याची तारीख आधी घालता येते, ती 28 नोव्हेंबर घाला.

कॅप्शनमध्ये पहिली दीड-दोन ओळच दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून 'आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की' ने सुरुवात केली तर तेवढंच दिसेल. असं करून बघा:

'शुक्रवार 28 नोव्हेंबरपासून डोंबिवली पूर्वेला मालवणी जेवण. बांगडा थाळी 240 रुपये, दुपारी 12 आणि रात्री 7 पासून. आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात असतो. मसाला घरी भाजलेला आणि कुटलेला. गुरुवारी शाकाहारी थाळी. 22 जागा आहेत, शनिवार-रविवारी येण्याआधी फोन करा.'

'दोघी जावा' हे मी मुद्दाम घातलं. तुमच्या हॉटेलबद्दल ही सर्वात लक्षात राहणारी गोष्ट आहे आणि ती खरी आहे. मसाला विकतचा असेल तर ते वाक्य काढा.

पोस्ट मंगळवारी, 25 तारखेला संध्याकाळी टाका, आठ-नऊच्या सुमारास. चंपाषष्ठी बुधवारी आहे, खंडोबाचं नवरात्र पाळणारी घरं त्यानंतर मोकळी होतात आणि शुक्रवारचा विचार करतात. आठवडाभर आधी टाकलीत तर लोक विसरतात, आणि त्याच दिवशी टाकलीत तर बऱ्याच जणांना रविवारनंतर दिसते. टाकल्यावर ती प्रोफाइलच्या वर पिन करा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर किमतीचे आकडे धुरकट होतात. सहाही स्लाइड ग्रुपवर ओतू नका, थाळीची आणि वेळेची अशा दोनच पाठवा.

काम झालं की नाही हे लाइकवरून कळणार नाही. पुतण्याचे मित्र पुण्यात, बेंगळुरूत असतील, ते लाइक देतील आणि जेवायला येणार नाहीत. किती जणांनी पोस्ट जपून ठेवली आणि किती जणांनी पुढे पाठवली हे आकडे बघा. त्याहून चांगलं म्हणजे गल्ल्यापाशी एक वही ठेवा. बिल देताना 'कुठून कळलं?' विचारा आणि इन्स्टाग्राम, ग्रुप, जाता-जाता पाटी, ओळखीतून अशा चार रकान्यांत रेघा मारा. दुसऱ्या आठवड्यात जाहिरातीवर पैसे घालायचे की चौकातली पाटी मोठी करायची, ते त्या वहीतून कळेल. पोस्टखाली 'कुठे आहे?', 'वेळ काय?' असे प्रश्न आले तर समजा सहावी स्लाइड वाचता येत नाहीये, आणि ते उत्तर लगेच कॅप्शनच्या पहिल्या ओळीत घाला.

शुक्रवारी, 5 डिसेंबरला सकाळी उघडण्याआधी खापरोळीची स्लाइड पोस्टमधून काढून टाका आणि कॅप्शनमध्ये लिहा: 'खापरोळी आता मेनूवर, 60 रुपये.' दारावरच्या पाटीखाली खापरोळीचा कागद चिकटवला असेल तर तोही त्याच वेळी उतरवा. उरलेल्या पाच स्लाइड वर्षभर तशाच राहू द्या.